धाब्याच्या घरात पंखा टांगला: सर, हुक, दांडी आणि वायर

१२ एप्रिल २०२५, शनिवार

घर अमळनेर तालुक्यातलं, धाब्याचं. माजघरावर सागाचा सर म्हणजे जाड तुळई, त्यावर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या आणि त्याच्या वर माती. दर पावसाळ्याआधी वर खाऱ्या मातीचा थर पडतो, त्यामुळे धाबं शाबूत आहे. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ३० तारखेला. माहेरवाशिणी येणार, पोरंबाळं माजघरात ओळीनं झोपणार, आणि तिथलाच पंखा महिनाभर 'कट कट' करत होता. आप्पांच्या खाटेवर लाकडाचा भुसा पडायला लागला तेव्हा वाळवी असेल म्हणून औषध मारलं गेलं. भुसा थांबला नाही.

आज पंखा उतरवला. आधी मेन स्विच पाडला, बटण बंद केलं, शिडी लावली आणि वायरला टेस्टर लावला तर दिवा पेटला. कारण इन्व्हर्टर. मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली, आणि तो लगेच आपल्याकडचा करंट पंख्याच्या लाईनवर सोडतो. माजघराचा पंखा आणि एक दिवा त्याच्यावरच आहेत. इन्व्हर्टरचं पुढचं बटण बंद केलं, त्याची बोर्डाकडे जाणारी लाईन सोडवली आणि मग टेस्टर विझला. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांनी 'मेन बंद आहे' या शब्दावर शिडी चढू नये. हात लावायच्या आधी त्याच वायरला टेस्टर लावावा, आणि टेस्टर चालू आहे ना हे आधी चालू सॉकेटवर बघून घ्यावं.

पंखा खाली घेतल्यावर हुक हातानं फिरवला. पान्याची गरज पडली नाही, गोल गोल फिरत बाहेर आला. आठ मिलिमीटरचा, आटे पाडलेला हुक, सरात खालून वर पिळलेला. भोकात चिंध्या आणि काड्या ठोकलेल्या होत्या. म्हणजे तो पूर्वीही कधी ढिला झाला असणार आणि कुणीतरी असाच घट्ट केला असणार. भुसा वाळवीचा नव्हताच, आटे लाकूड किसत होते.

त्याहून वाईट गोष्ट खाली होती. पंख्याच्या दांडीच्या वरच्या टोकाला दोन कानांचा लोखंडी शॅकल असतो, त्यात रबरी रोल असतो, तो हुकात बसतो आणि त्यातून बोल्ट जातो. इथे रोलच नव्हता. लोखंडी बोल्ट थेट लोखंडी हुकावर लटकत होता. पंख्याची सगळी थरथर मधे काही न अडता हुकात जात होती आणि हुकातून लाकडात. हुकाच्या वळणात बोल्टानं खाच पाडली होती, नख अडकेल एवढी खोल. आणि बोल्टाच्या टोकाला, नट निसटू न देणाऱ्या स्प्लिट पिनऐवजी वाकवलेला खिळा.

वायरमन जिभाऊ संध्याकाळी येऊन बघून गेले. भोकात बोट घालून म्हणाले, "लाकूड ते चांगलं शे, भोकच वाढी गयं." त्याच भोकात जाड हुक पिळायचा सल्ला शेजारून आला होता. नको. खालून वर पिळलेला हुक फक्त आट्यांच्या जोरावर लाकडात टिकतो. उन्हाळ्यात लाकूड सुकतं, पंखा हलवत राहतो, आणि आटा सैल होत असल्याचं खालून दिसत नाही.

वरच्या कॅनोपीत, म्हणजे हुक आणि वायरचा जोड झाकणाऱ्या वाटीत, चिमणीचं जुनं घरटं निघालं, ओंजळभर गवत आणि कापूस. त्या कपाशीच्या बोळ्यातच वायरचा उघडा जोड होता.

१३ एप्रिल, रविवार

मापं घेतली. फरशीपासून सराच्या खालच्या पाठीपर्यंत ३५० सेंटीमीटर, म्हणजे साडेअकरा फूट. सर १५ सेंटीमीटर रुंद आणि २० खोल. नव्या पंख्यासोबत २५ सेंटीमीटरची दांडी येते. तीच लावली तर पाती जमिनीपासून दहा फुटांवर जातात आणि खाली सतरंजीवर झोपलेल्याला वारा जेमतेम लागतो. पाती नऊ फुटांच्या आसपास ठेवावीत असा सर्वसाधारण हिशेब. आठ फुटांखाली तर कधीच आणू नयेत. आमच्याकडे डोक्यावर गाठोडं घेऊन माजघरातून जाणारी माणसं आहेत.

हिशेब असा केला: सरापासून हुकाच्या वळणापर्यंत ८ सेंटीमीटर, तिथून दांडीच्या वरच्या टोकापर्यंत ४, दांडी ६०, दांडीच्या खालच्या टोकापासून पात्यांपर्यंत ८. एकूण ८०. राहिले २७०, म्हणजे सुमारे ८ फूट १० इंच. ६० ची दांडी ठरली.

पंखा साधा घेतला, ४८ इंची, १७५० रुपयांना. कमी वीज खाणारा बीएलडीसी घ्यावा असं पुतण्याचं म्हणणं होतं. पण त्याला भिंतीवरचा रेग्युलेटर चालत नाही, तो काढावा लागतो आणि वेग रिमोटवर जातो. आप्पांना भिंतीवरचा खटका हवा. विषय संपला.

दांडीच्या दुकानात बराच वेळ गेला. ६० ची तयार नव्हती, दुकानदार म्हणाला दोन तिशीच्या वेल्ड करून देतो, रंग मारला की कळणार नाही. कळणार नाही हीच अडचण. पातळ पाईपचं वेल्डिंग वरून गुळगुळीत दिसतं, आत किती धरलंय ते दिसत नाही, आणि पंख्याची दांडी वर्षानुवर्षं थरथरत राहते. दुसऱ्या दुकानात एकसंध मिळाली, २६० रुपये. घेताना तीन गोष्टी पाहिल्या. पंख्याचाच बोल्ट खिशात नेला होता, तो दोन्ही टोकांच्या भोकांतून सहज पण खुळखुळ न करता जातो का. पाईपची जाडी पंख्यासोबत आलेल्या दांडीएवढी आहे का. हलक्या दांड्या वजनावरच ओळखू येतात. आणि दांडी सपाट काचेवर गडगडवून सरळ आहे का. वाकडी दांडी लावून मग पाती बॅलन्स करत बसण्यात अर्थ नाही.

१९ एप्रिल, शनिवार

क्लॅम्प फॅब्रिकेशनवाल्याकडून करून आणला. हुकासकट ४२० रुपये. ज्यांच्याकडे सर आहे त्यांनी हा नीट समजून घ्यावा.

५० मिलिमीटर रुंद, ५ जाड लोखंडी पट्टी तापवून यू आकारात वाकवली. ती सराला खालून मिठी मारते आणि तिचे दोन पाय सराच्या दोन्ही बाजूंनी वर जातात. पायांतून आणि सरातून आरपार दोन आडवे बोल्ट, १० मिलिमीटरचे, वॉशर आणि दोन-दोन नटांसह (बोल्ट-नट ९० रुपये). यात वजन बोल्टांच्या आडव्या दांड्यावर येतं आणि तो लाकडावर टेकतो, आट्याच्या जोरावर काही लटकत नाही. बोल्ट निसटायचा तर वरचं लाकूडच फाटावं लागेल.

भोकं कुठे पाडायची याला महत्त्व आहे. सर भारानं खाली वाकू बघतो, तेव्हा त्याची खालची बाजू ताणली जाते आणि वरची दाबली जाते. मधल्या उंचीला ताण सगळ्यात कमी. म्हणून भोकं खालच्या कडेपासून ८ आणि १३ सेंटीमीटरवर, एकाखाली एक. एकाच आडव्या रेषेत शेजारी पाडली असती तर दोन्ही भोकं लाकडाच्या एकाच रेघेवर येऊन तिथून लाकूड चिरण्याची भीती असते. भोकं पाडायच्या आधी सर जागोजागी दाभणानं टोचून पाहिला. दाभण कुठेही सहज आत गेलं नाही. जुनं भोक सोडून बाजूला सरकलो.

हुक १२ मिलिमीटर सळईचा. त्याची वरची दांडी पट्टीच्या तळातल्या भोकातून वर येते आणि वर नट, त्यावर दुसरा नट. फॅब्रिकेशनवाला हुक पट्टीला खालून नुसता वेल्ड करणार होता. तसं केलं की सगळं वजन वेल्डिंग ओढत राहतं. नट पट्टीच्या वर असला की तो पट्टीवर बसतो आणि वेल्डिंगचं काम फक्त नट फिरू न देण्याचं उरतं. त्या नटाला जागा हवी म्हणून पट्टीचा तळ सरापासून एक इंच खाली ठेवला. सराच्या पोटाला खड्डा कोरून नट बसवता आला असता, पण ताणली जाणारी बाजू तीच, तिला हात लावायचा नव्हता.

हुकाचं तोंड बरंच आत वळवून घेतलं. रबरी रोल तिरका करून आत जाईल एवढीच फट.

साग जुना आणि कोरडा. ड्रिलचं पान तापून निळं पडलं, थांबत थांबत काम करावं लागलं. दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं भोक पाडलं तर मधे जुळत नाही, म्हणून लांब पान आणून एकाच बाजूनं आरपार गेलो. पुतण्या लांबून बघून पान आडवं आहे का ते सांगत होता.

रात्री हुकाला युरियाची गोणी टांगली. भरलेली गोणी ४५ किलोची. पंखा पाच-सहा किलोचा, पण फिरताना तो नुसता लटकत नाही, डुलतो आणि हिसके देतो, म्हणून चाचणी अनेक पटींनी जड हवी. गोणी जमिनीपासून वीतभर वर ठेवली आणि खाट तिथून हलवली. दोर ताणला जातो, त्यामुळे गोणी किती खाली आली हे मोजून उपयोग नाही. सराची खालची कड आणि पट्टीचा तळ यांतलं अंतर मोजून खडूनं लिहून ठेवलं.

२० एप्रिल, रविवार

सकाळी अंतर तेवढंच. नट अर्धा फेरा आणखी बसले, लाकूड वॉशरखाली थोडं दबलं होतं. गोणी दिवसभर तशीच राहू दिली.

जिभाऊ आले, बोर्ड उघडला. त्यांनी आल्या आल्या एक तपासणी केली ती लिहून ठेवतो. पंख्याचं बटण बंद, लाईन चालू. पंख्याकडे येणाऱ्या दोन वायरींपैकी एकेक आणि बोर्डाचं अर्थिंग यांच्यामध्ये होल्डरला लावलेला टेस्ट बल्ब धरला. बटण बंद असूनही एका वायरवर बल्ब पूर्ण पेटला. म्हणजे बटण फेज तोडत नव्हतं, न्यूट्रल तोडत होतं. अशा घरात बटण बंद केलं की पंखा थांबतो खरा, पण पंख्याच्या आतपर्यंत करंट उभाच असतो. पंखा पुसायला चढलेल्या माणसाला झटका बसतो तो असा. नुसत्या टेस्टरवर हा निकाल देऊ नये. शेजारच्या वायरीमुळेही टेस्टर मिणमिणतो. बल्ब खोटं बोलत नाही.

ही तपासणी चालू लाईनवर होते, ती ज्याचं काम आहे त्यानंच करावी. आमचं ते काम जिभाऊंनी केलं, बोर्डातली अदलाबदलही त्यांनीच. आता फेज आधी बटणात, मग रेग्युलेटरमध्ये, मग पंख्याला. न्यूट्रल सरळ पंख्याला.

पंख्याला अर्थिंगची वायर कधी नव्हतीच. लाकडी सरावर लोखंडी हुक, त्याला लोखंडी दांडी. कुठे वायर सोलली तर दांडी, कॅनोपी, मोटरचं अंग सगळं करंटमध्ये जातं, आणि लाकूड मध्ये असल्यामुळे फ्यूज उडत नाही, काहीच कळत नाही. कळतं ते हात लागल्यावर. म्हणून बोर्डापासून सरापर्यंत नवी केसिंग पट्टी मारून तीन वायरी नेल्या, दीड चौरस मिलिमीटर तांबं: लाल, काळी, हिरवी. हिरवी जोडायच्या आधी जिभाऊंनी फेज आणि अर्थ यांच्यामध्ये शंभराचा बल्ब लावून पाहिला. फेज आणि न्यूट्रलवर जेवढा पेटतो तेवढाच पेटला, म्हणजे अर्थिंग नावापुरतं नाही. (ज्यांच्याकडे गळती ओळखणारा ब्रेकर आहे तिथे हे करताना तो पडेल, आणि पडायलाच हवा.) वायर आणि केसिंग ३४० रुपये, जिभाऊंचे ४००.

२६ एप्रिल, शनिवार

आज पंखा टांगायचाच होता. टांगला, पण संध्याकाळ झाली.

दांडी लांब केल्यावर वायरही लांब लागते. पंख्यासोबत आलेली वायर छोट्या दांडीपुरतीच होती. तिला तुकडा जोडून चालत नाही, कारण तो जोड दांडीच्या आत जातो, जिथे तो कधीच दिसणार नाही. खालच्या कनेक्टरपासून वरच्या कनेक्टरपर्यंत एकसंध वायर हवी. तीन सुट्या लवचिक वायरी घेतल्या, प्रत्येकी एक चौरस मिलिमीटर. तिन्हींवर मिळून एक जाड आवरण असलेली गोल केबल आधी आणली होती, ती परत केली. दांडीच्या खालच्या टोकाला बोल्ट पाईपच्या बरोबर मधून आडवा जातो. त्याच्या दोन्ही बाजूंना जेमतेम चार-पाच मिलिमीटर जागा उरते. गोल केबल तिथून जातच नाही. सुट्या वायरी दोन एका बाजूनं, एक दुसऱ्या बाजूनं, अशा जातात.

दांडीची कापलेली तोंडं आणि बोल्टाची भोकं आतून कानशीनं घासली. बोट फिरवून बघितलं. वायरी ओवल्या, खाली दांडी मोटरच्या खोबणीत बसवली, बोल्ट घातला, नट आवळला, स्प्लिट पिन घातली.

टांगायच्या आधी मल्टिमीटर आवाजाच्या खटक्यावर ठेवून एक टोक दांडीच्या उघड्या लोखंडाला आणि दुसरं एकेका वायरच्या टोकाला लावलं. लाल गप्प, काळी गप्प. हिरवी अजून मोटरच्या अंगाला जोडलेली नव्हती, तीही गप्प हवी. तीही गप्प. पण दांडी उचलून थोडी हलवली आणि काळ्या वायरवर बीप आला. पुन्हा हलवली, पुन्हा गप्प.

बोल्ट काढला. काळ्या वायरवर एक बारीक चीर, तांब्याची एक तार चमकत होती. बोल्ट घालताना त्याच्या टोकाच्या आट्यानं वायर भिंतीला दाबून सोलली होती. भोक घासलं होतं, पण बोल्टाचं टोक तर तसंच धारदार होतं. ही चीर तशीच वर गेली असती आणि त्या जागी लाल वायर असती तर दांडी करंटमध्ये. दुरुस्ती अशी: चिरलेली वायर पूर्ण बदलली, टेप मारून भागवली नाही. तिन्ही वायरींवर खालच्या वीतभर भागात काचतंतूची पिवळी स्लीव्ह चढवली. बोल्टाचं टोक कानशीनं गोल केलं. आणि बोल्ट घालताना पुतण्यानं वरून तिन्ही वायरी हलक्या ताणून धरल्या, म्हणजे त्या बोल्टाच्या वाटेतून बाजूला राहतात. मग दांडी सगळ्या बाजूंनी हलवत पुन्हा मीटर लावलं. गप्प. स्थिर दांडीवर मीटर लावून समाधान मानू नये एवढंच.

हिरवी वायर मोटरच्या अर्थच्या स्क्रूला, लाल आणि काळी खालच्या कनेक्टरला. कपॅसिटरला हात लावायची गरज पडली नाही, तो आधीच जोडलेला येतो. खालची कॅनोपी बसवायच्या आधीच वरची कॅनोपी दांडीत ओवून ठेवली. शॅकल एकदा बसला की ती वरून ओवता येत नाही.

वर चढवताना पाती लावलेली नव्हती. मी शिडीवर, पुतण्या दुसऱ्या शिडीवर मोटर खालून उचलून. रोल हुकात तिरका करून आत ढकलला, शॅकलचे दोन कान त्याच्या दोन्ही बाजूंना, आणि बोल्ट रोलच्या भोकातून आरपार. रोल हुकाच्या वळणात मध्यावर बसलाय आणि शॅकलचं लोखंड हुकाला कुठेच लागत नाही, हे टॉर्च मारून पाहिलं. नट रोल किंचित दबेपर्यंतच आवळला. रोल चेपून टाकला की तो थरथर झेलत नाही आणि लवकर फाटतो. मग स्प्लिट पिन, आणि तिचे दोन्ही पाय पकडीनं उलट्या दिशांना पूर्ण मागे वळवले. एकच पाय थोडासा वाकवलेली पिन थरथरून निसटते.

याशिवाय ३ मिलिमीटरची स्टीलची दोरी शॅकलच्या खाली दांडीच्या बोल्टामागून फिरवून वर क्लॅम्पच्या आडव्या बोल्टाला बांधली, क्लिपांसह ८० रुपये. ती ताठ नाही, बोटभर सैल. रोज वजन हुकानंच घ्यायचं. हुक, रोल किंवा पिन यांतलं काही गेलं तर पंखा बोटभर खाली येऊन तिथेच थांबावा.

२७ एप्रिल, रविवार

कॅनोपीचा दिवस. वाटलं होतं अर्ध्या तासाचं काम.

पट्टीचा तळ सरापासून एक इंच खाली ठेवल्यामुळे आता कॅनोपीची कडा आणि सर यांच्यात पट्टीच्या दोन्ही बाजूंना ३ सेंटीमीटर फट राहत होती. आमच्या चिमण्यांना तेवढी पुरे, पालींना तर महामार्ग. कॅनोपी वर दाबून भागत नाही, ती पट्टीला टेकते, आणि टेकलेली कॅनोपी पंख्याची थरथर उचलून भुणभुणत राहते. कॅनोपी वजन घेत नाही आणि घ्यायलाही नको. तिचं काम जोड झाकायचं.

सुताराच्या भंगारातून सागाची ३ सेंटीमीटर जाड फळी मिळाली. तिचे अर्ध्या भाकरीसारखे दोन अर्धगोल कापून पट्टीच्या दोन्ही बाजूंना सराला लहान स्क्रूनं बसवले. आता खाली एक सपाट गोल चौथरा झाला आणि कॅनोपी त्याच्यापासून चार मिलिमीटर खाली. एका अर्धगोलाला खाच पाडून त्यात रबरी बुश बसवला, केसिंगमधून येणाऱ्या तीन वायरी त्यातून कॅनोपीत उतरतात.

वरचा जोड तीन खणांच्या कनेक्टरमध्ये केला (बुश, स्लीव्ह, कनेक्टर मिळून ६० रुपये). लवचिक वायरींची टोकं पीळ देऊन दुमडून घातली, स्क्रू आवळल्यावर प्रत्येक वायर ओढून पाहिली. दांडीतून वर येणाऱ्या वायरींना एक सैल वळसा ठेवला, कारण पंखा सुरू होताना दांडी डुलते आणि ताठ वायर रोज थोडी थोडी ओढली जाते. तो वळसा हुकाला किंवा शॅकलला घासत नाही, तेही पाहिलं.

पाती लावली, सुरू केला. मोठा डोल. तिन्ही पात्यांची टोकं एकाच जागी फिरवून आणून कडीपासूनचं अंतर काठीनं मोजलं. दोन सारखी, तिसरं आठ मिलिमीटर वर. त्या पात्याचे दोन स्क्रू सैल करून खाली दाबून पुन्हा आवळले, डोल गेला. नाणी चिकटवायची वेळ आली नाही. पाती एका खोक्यातलीच तिन्ही वापरावीत, ती वजनानं जुळवून दिलेली असतात.

दुपारी छान चालला, संध्याकाळी सातला मंद. घरातले लगेच कपॅसिटरवर आले. मीटर लावलं तर लाईनच १८५ व्होल्ट. रात्री अकराला २२५, आणि पंखा पुन्हा जोरात. कपॅसिटर गेला असता तर तो व्होल्टेज पाहून बरा झाला नसता.

रात्रभर चालल्यावर सकाळी कॅनोपी दोन बोटं खाली घसरलेली. तिला दांडीवर धरणारा स्क्रू रंगावरून सरकत होता. आणखी जोरात आवळला तर कॅनोपीचं प्लास्टिक चिरेल, आणि दांडीला भोक पाडणं तर नाहीच. ठिबकच्या सामानात पाईप आवळायची स्टीलची गोल क्लिप असते, तसली २५ रुपयांची आणून दांडीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि कॅनोपीच्या बरोबर खाली आवळली. वरून तपकिरी रंग. आता कॅनोपी क्लिपवर बसते.

एकूण ३,४२५ रुपये, माझी मजुरी न धरता. यात पंखा सोडला तर सगळ्यात महाग क्लॅम्प, आणि मी परत करायला घेतलं तरी त्यातच पैसे घालेन.

११ मे, रविवार

माहेरवाशिणी परत गेल्या. खोली रिकामी, म्हणून तपासणी. आधी इन्व्हर्टर बंद, मग मेन, मग टेस्टर.

सराचे आडवे बोल्ट पुन्हा पाव फेरा आत गेले. ऊन चव्वेचाळीसला पोचलंय, लाकूड सुकतंय, म्हणजे पावसाळा लागेपर्यंत महिन्यातून एकदा पान्याचं काम आहे. वॉशरखाली लाकूड फाटलेलं नाही. स्प्लिट पिन जागच्या जागी, पाय वळलेले. रोलवर हुकाचा चकचकीत ठसा आहे पण चीर नाही. हुकाच्या वळणात बोट फिरवलं, गुळगुळीत, रोल तिथे आपलं काम करतोय. स्टीलची दोरी अजून बोटभर सैलच.

वरचा कनेक्टर उघडून स्क्रू पुन्हा आवळले. लालचा किंचित फिरला, बाकीचे घट्ट. चालून बंद केल्यावर कनेक्टरचं प्लास्टिक गरम नव्हतं, कोमटही नाही.

ओट्याशेजारच्या खोलीतही तसलाच पिळलेला हुक आहे, आता त्याचा नंबर. तिथला सर पाच इंचीच आणि एका बाजूनं भिंतीत गेलेला, त्यामुळे पट्टीचा एक पाय वर जाऊ शकत नाही. तो क्लॅम्प वेगळा करावा लागेल. मापं काढून फॅब्रिकेशनवाल्याकडे दिली आहेत. तोवर तिथे टेबल फॅन.